कंपनीची अब्रू आणि कामगाराचं स्टेटस

2013 च्या जानेवारीत ब्रिटनमधली एचएमव्ही ही रेकॉर्डी आणि सीडी विकणाऱ्या दुकानांची जुनी साखळी कर्जात बुडाली. ग्रामोफोनसमोर कान टवकारून बसलेल्या कुत्र्याचं चित्र ज्यांच्या घरातल्या रेकॉर्डींवर होतं, त्यांना हे नाव सांगायला नको. महिनाअखेरीस कर्मचाऱ्यांना एकत्र बोलावून नोकरी गेल्याचं सांगण्यात येत होतं, आणि त्याच वेळी कंपनीच्या स्वतःच्या ट्विटर खात्यावरून त्या बैठकीचं धावतं वर्णन बाहेर पडत होतं. साठाहून जास्त जणांना एकदम काढताहेत, असं एका ट्विटमध्ये होतं. ट्विटर बंद कसं करायचं, असं मार्केटिंगचे संचालक विचारताहेत, हेही पाठोपाठ आलं. ते खातं सांभाळणारी तरुण मुलगीच काढल्या जाणाऱ्यांमध्ये होती.

असं काही कानावर आलं की आपल्याकडच्या एचआर खात्यांत लगबग सुरू होते. दुसऱ्या दिवशी नोटीस बोर्डावर आणि ईमेलवर एक परिपत्रक येतं. मजकूर बहुधा ठरलेला असतो: ‘कंपनीच्या प्रतिमेस बाधा येईल असा कोणताही मजकूर कर्मचाऱ्यांनी समाजमाध्यमांवर प्रसारित करू नये. अन्यथा कठोर कारवाई करण्यात येईल.’ खाली सही, शिक्का.

हे वाक्य एचएमव्हीच्या प्रसंगाला लावून पाहिलं तर त्यातला पोकळपणा लगेच दिसतो. जिची नोकरी त्याच तासाला चालली आहे, तिला कारवाईची काय भीती? तिथे खरा प्रश्न होता तो खात्याची चावी कुणाकडे आहे आणि ती कधी काढून घ्यायची हा, आणि त्याबद्दल हे वाक्य अवाक्षर काढत नाही. उलट, ज्याच्या हातून काहीच वावगं घडलेलं नाही, असा शॉप फ्लोअरवरचा माणूस मात्र ते वाचून बुचकळ्यात पडतो. ओव्हरटाइमचे पैसे दोन महिने मिळाले नाहीत, असं मित्राला व्हॉट्सअॅपवर लिहायचं की नाही? गेटसमोरच्या खड्ड्याचा फोटो टाकला तर चालेल का? ‘प्रतिमा’ हा शब्द इतका ऐसपैस आहे की त्यात साहेबांना न आवडलेलं सगळंच बसवता येतं.

नियम आधी, शिक्षा नंतर

ऐसपैस नियमावर आपल्या सर्वोच्च न्यायालयाने सोशल मीडियाच्या कितीतरी आधी बोट ठेवलं होतं. 1980 च्या दशकातला ग्लॅक्सो लॅबोरेटरीजचा खटला कामगार कायद्याच्या वकिलांना तोंडपाठ असतो. कंपनीच्या स्थायी आदेशांत, म्हणजे नोकरीच्या अटींच्या मंजूर नियमावलीत, आवारात किंवा आवाराच्या लगत केलेली गैरवर्तणूक शिक्षेला पात्र ठरवलेली होती. कारवाई झाली ती मात्र आवारापासून दूर घडलेल्या प्रकारांसाठी. न्यायालयाने ती मान्य केली नाही. कोणत्या वागण्याला गैरवर्तणूक म्हणायचं ते नियमात आधीच नेमकं लिहिलेलं असायला हवं, घडून गेल्यावर मालकाने ठरवायचं नसतं, असं त्या निकालाचं सार आहे. रात्री अकरा वाजता घरच्या खाटेवर बसून टाकलेली पोस्ट ‘आवारात’ मोडते का, हा आजचा प्रश्न त्याच वळणावर येऊन उभा राहतो. नियमावलीत कंपनीच्या भिंतीबाहेरच्या ऑनलाइन वागण्याचा स्वतंत्र उल्लेख नसेल, तर नुसत्या परिपत्रकाच्या जोरावर केलेली बडतर्फी कोर्टात लंगडी पडू शकते.

नेमकं लिहायचं म्हणजे कसं, याचा सर्वांत उपयोगी नमुना अमेरिकेत सापडतो. तिथल्या राष्ट्रीय कामगार संबंध मंडळाचे तेव्हाचे कार्यकारी मुख्य विधी अधिकारी लेफ सॉलोमन यांनी 30 मे 2012 रोजी एक टिपण प्रसिद्ध केलं. त्यात सात कंपन्यांची सोशल मीडिया धोरणं ओळीओळीने तपासली होती. सहांमध्ये काही ना काही बेकायदा निघालं. सातवं वॉलमार्टचं होतं. ते पूर्ण वैध ठरलं आणि त्याचा सबंध मजकूर टिपणाला जोडला गेला.

तपासणीची कसोटी साधी होती. 1935 च्या तिथल्या कायद्याने कामगारांना पगार, कामाचे तास, कामाची परिस्थिती यांबद्दल आपसांत बोलण्याचा हक्क दिला आहे. धोरणातलं वाक्य वाचून सामान्य कामगाराला आपला हा हक्क गेला असं वाटू शकतं का, एवढंच पाहायचं. ‘कंपनीची गोपनीय माहिती उघड करू नका’ एवढंच लिहिलं तर स्वतःचा पगारही गोपनीय वाटू शकतो, म्हणून ते बाद. ‘अनुचित शेरे मारू नका’ हेही बाद, कारण सुपरवायझरवर केलेली टीकाही अनुचित म्हणता येते. सहकाऱ्याला फेसबुकवर मित्र करताना विचार करा, असा वरवर काळजीचा सल्लासुद्धा अडला, कारण कामगारांचं आपसांतलं बोलणंच त्याने थंडावतं.

वॉलमार्टनेही ‘अनुचित’ हाच शब्द वापरला होता. फरक इतकाच की पुढे उदाहरणं दिली होती: भेदभाव करणारे शेरे, छळ, हिंसेच्या धमक्या. गुपितं पाळा असं सांगताना प्रणाली, प्रक्रिया, उत्पादनं, तंत्रज्ञान यांची माहिती आणि अंतर्गत अहवाल असं स्पष्ट केलं होतं. उदाहरण आलं की शब्दाला कुंपण पडतं. वाचणाऱ्याला कळतं की यात माझा पगार येत नाही, ग्राहकाचं ड्रॉइंग येतं. अमेरिकेतली कसोटी त्यानंतर 2017 मध्ये मालकांच्या बाजूला आणि 2023 मध्ये पुन्हा कामगारांच्या बाजूला सरकली. ते टिपण तिथला आजचा कायदा म्हणून वाचू नये, पण मसुदा कसा लिहावा याचा वस्तुपाठ म्हणून ते अजून उत्तम आहे.

तक्रार कुठे संपते, चिथावणी कुठे सुरू होते

सगळ्यांत नाजूक जागा तक्रारीची. इथे 2023 सालच्या दोन उच्च न्यायालयांच्या निकालांकडे एकत्र पाहावं.

पहिला मद्रास उच्च न्यायालयाच्या मदुराई खंडपीठाचा, न्यायमूर्ती जी. आर. स्वामिनाथन यांचा. तमिळनाडू ग्राम बँकेच्या एका कर्मचाऱ्याने, जो युनियनचा कार्यकर्ताही होता, व्हॉट्सअॅपवरच्या गटात वरिष्ठांच्या निर्णयांची टर उडवली. बँकेने त्याला आरोपपत्र दिलं. न्यायालयाने ते रद्द केलं. प्रत्येक कर्मचाऱ्याच्या मनात संस्थेबद्दल काही ना काही खदखद असते, ती मोकळी करण्याचा त्याला हक्क आहे, अशी भूमिका निकालात आहे. चार सहकारी कुणाच्या घरी जमून बोलले असते तर त्यावर कारवाई झाली नसती. बंद गटातलं बोलणं त्याच जातीचं. मात्र संस्थेच्या प्रतिमेला खरोखर धक्का बसू लागला तर व्यवस्थापनाला हस्तक्षेप करता येईल, हेही न्यायालयाने नोंदवलं.

दुसरा मुंबई उच्च न्यायालयाचा, डिसेंबरमधला, न्यायमूर्ती मिलिंद जाधव यांचा. वाहनांचे सुटे भाग बनवणाऱ्या हिताची अॅस्टेमो फी या कंपनीत वेतन कराराचा वाद पेटलेला असताना एका कामगाराने फेसबुकवर व्यवस्थापनाविरुद्ध पोस्ट टाकल्या. चौकशी होऊन त्याला कामावरून काढलं. कामगार न्यायालयाने त्याच्या बाजूने कौल दिला. उच्च न्यायालयाने तो फिरवला. पोस्ट चिथावणीखोर आहेत, कंपनीविरुद्ध द्वेष भडकवण्याचा हेतू त्यांत दिसतो, आणि अशा चिथावणीनंतर प्रत्यक्ष काही घडण्याची वाट पाहत बसण्याची गरज नाही, असं न्यायालयाचं म्हणणं होतं.

वरवर पाहिलं तर एकाने कर्मचाऱ्याला वाचवलं आणि दुसऱ्याने कंपनीला. पण तपशील जुळवले की तीन गोष्टी हाती लागतात. एक, जागा: बंद गट की सगळ्या जगाला खुलं फेसबुक. दोन, सूर: टिंगल की भडकावणं. तीन, वेळ: रोजची कुरबुर की संप-वाटाघाटींचे तापलेले दिवस. चौथी गोष्ट कायद्याची आहे. ग्राम बँक सार्वजनिक क्षेत्रातली, त्यामुळे तिच्याविरुद्ध मूलभूत हक्कांचा आधार थेट घेता येतो. खासगी कंपनीत तसा तो मिळत नाही, तिथे नेमणूकपत्र, स्थायी आदेश आणि कामगार कायदे यांच्यावर भिस्त असते. मदुराईच्या निकालाचं कात्रण दाखवून खासगी कंपनीत कुणी बिनघोर राहू नये. आणि मुंबईचा निकाल दाखवून कुठल्याही नाराज पोस्टवर आरोपपत्र काढणाऱ्या मॅनेजरनेही जरा दमानं घ्यावं.

कॅन्टीनमधली रील

आता एक कल्पित प्रसंग घेऊ आणि तो शेवटपर्यंत नेऊ. समजा, औद्योगिक वसाहतीतला तीनशे-चारशे कामगारांचा एक कारखाना आहे. दुसऱ्या पाळीत जेवताना एका ऑपरेटरला डाळीत अळी दिसते. तो अर्ध्या मिनिटाची रील करतो. ताट, अळी, छातीवर कंपनीचं नाव असलेला त्याचा शर्ट, आणि चालत परत जाताना उघड्या दारातून दिसलेली असेंब्ली लाइन. वर ओळ: ‘बघा, आम्हाला काय खायला घालतात.’ सकाळपर्यंत ती वसाहतभर फिरते.

प्लांट हेडचा पहिला हुकूम असतो, ‘त्याला आजच्या आज घरी बसवा.’ कारण? ‘कंपनीची बदनामी.’

शहाणा एचआर मॅनेजर फोन उचलण्याआधी कॅन्टीनमध्ये जातो. अडीचशेहून जास्त कामगार असलेल्या कारखान्यात कॅन्टीन ही मालकाची मेहेरबानी नसते. 1948 च्या कारखाना कायद्यानेच ती सोय सांगितली होती. डाळ खरंच किडलेली असेल तर रीलमधला मुख्य भाग म्हणजे कामाच्या परिस्थितीबद्दलची खरी तक्रार आहे. तिच्यावर कारवाई केली तर उद्या बातमीचा मथळा ‘डाळीत अळी’ एवढाच न राहता ‘डाळीतली अळी दाखवली म्हणून नोकरी गेली’ असा होतो. म्हणून आधी ठेकेदाराच्या कोठारातली पोती तपासायची, काय सापडलं आणि काय केलं ते त्याच दिवशी कामगारांना लेखी सांगायचं. रीलला खरं उत्तर तेच.

मग रील पुन्हा पाहायची, या वेळी शेवटचे काही सेकंद. असेंब्ली लाइनवर एखाद्या ग्राहक कंपनीचा अजून बाजारात न आलेला सुटा भाग दिसतो का? ग्राहकाशी गोपनीयतेचा करार असेल तर तो इथे मोडला गेला आहे. लाइनवर फोन नेऊ नये असा नियम आधीपासून आहे का, त्याची पाटी दारावर आहे का, या कामगाराला तो समजावून सांगितल्याची नोंद आहे का? असेल, तर तेवढ्या भागापुरती चौकशी होऊ शकते. त्यातही पहिली पायरी म्हणजे त्याला बोलावून तो भाग कापायला सांगणं. बहुतेक प्रकरणं इथेच मिटतात, कारण त्याला दाखवायची होती अळी, मशीन त्यात ओघाने आलं.

तो नाही म्हणाला, तर कागद नीट हवेत. खातं त्याचंच आहे का, की त्याच्या नावाने दुसऱ्याने उघडलंय? पोस्टचा पत्ता, तारीख आणि वेळ दिसेल असा स्क्रीनशॉट कुणी घेतला, कोणत्या फोनवर, कधी? पुढारलेल्या व्हॉट्सअॅपवरून चौथ्या हाताने आलेली कापलेली प्रतिमा पुरावा म्हणून तकलादू असते. प्रकरण कोर्टात जाईल अशी शक्यता असेल तर इलेक्ट्रॉनिक पुराव्यासोबत लागणारं प्रमाणपत्र तेव्हाच करून ठेवलेलं बरं. पूर्वी ते पुरावा कायद्याच्या 65 ब कलमाखाली लागायचं, आता भारतीय साक्ष अधिनियमाच्या 63 व्या कलमाखाली. त्यानंतर कारणे दाखवा नोटीस, तिच्यात नेमकं कोणतं दृश्य आणि कोणता नियम हे लिहिलेलं, उत्तराला वेळ, चौकशीत बाजू मांडायची संधी. ‘कंपनीची बदनामी’ एवढाच आरोप असलेली नोटीस चौकशी अधिकाऱ्यालाही चालवता येत नाही, कारण काय सिद्ध करायचं तेच त्यात नसतं.

एकाच रीलमध्ये हक्काची तक्रार आणि नियमाचा भंग दोन्ही असू शकतात, आणि ते सुटे करता येणं हेच धोरणाचं काम. ‘प्रतिमेस बाधा’वालं वाक्य ते सुटे करू शकत नाही.

चावी कुणाकडे?

कंपनीच्या नावाने चालणाऱ्या खात्यांना वेगळं कलम लागतं, आणि त्यातला बराचसा भाग तंत्राचा असतो. 2011 च्या फेब्रुवारीत अमेरिकन रेड क्रॉसच्या अधिकृत ट्विटर खात्यावरून रात्री बिअर पिण्याबद्दलचं एक ट्विट गेलं. कर्मचाऱ्याने एकाच अॅपमध्ये स्वतःचं आणि संस्थेचं अशी दोन्ही खाती जोडली होती, आणि बोट चुकीच्या खात्यावर पडलं. संस्थेने ते काढून टाकलं आणि रेड क्रॉस शुद्धीवर आहे, गाडीच्या किल्ल्या काढून घेतल्या आहेत, अशा अर्थाचा हलकाफुलका खुलासा केला. लोक हसले, त्या बिअरच्या चाहत्यांनी देणग्याही दिल्या. जाणूनबुजून केलेलं आणि चुकून झालेलं यांत फरक करण्याची समज तिथे होती.

त्या प्रसंगातून कलम लिहायचं तर असं: अधिकृत खातं वैयक्तिक फोनवरच्या त्याच अॅपमध्ये जोडू नये. खातं कंपनीच्या ईमेलवर आणि कंपनीच्या मोबाइल नंबरवर उघडलेलं असावं, एखाद्या उत्साही शिकाऊ मुलाच्या जीमेलवर नव्हे. निदान दोघांकडे ताबा असावा. आणि एचएमव्हीचा धडा: राजीनाम्याच्या किंवा कपातीच्या यादीत खातं सांभाळणारा असेल, तर लॅपटॉप आणि ओळखपत्राबरोबर पासवर्ड बदलण्याची ओळही त्याच यादीत असावी. निरोप समारंभ आधी आणि पासवर्ड नंतर, असा क्रम बऱ्याच ठिकाणी दिसतो.

कौतुकही अंगाशी येतं

धोरण लिहिणाऱ्यांचं लक्ष निंदेवर असतं. पण कर्मचाऱ्याने प्रेमापोटी केलेली स्तुतीही कंपनीला अडचणीत आणू शकते. विक्री विभागातल्या पाच जणांनी आपल्याच कंपनीच्या मिक्सरला ऑनलाइन दुकानात पाच तारे दिले आणि ‘एकदम झकास’ असं लिहिलं, तर ग्राहकाच्या दृष्टीने ती फसवणूक आहे. जाहिरात क्षेत्राच्या एएससीआय या स्वनियमन संस्थेने 2021 मध्ये इन्फ्लुएन्सरांसाठी जे नियम केले, त्यांत जाहीर करण्याजोग्या संबंधांमध्ये नोकरीचं नातंही धरलं आहे. ग्राहक व्यवहार खात्याच्या 2023 च्या मार्गदर्शनातही ते आहे. उपाय सोपा: स्तुती करायची तर ‘मी इथेच काम करतो’ हे सोबत लिहावं.

शेअर बाजारात नोंदलेल्या कंपनीत आणखी एक सापळा असतो. मोठी ऑर्डर मिळाल्याच्या आनंदात टीमने केक कापतानाचा फोटो टाकला, आणि कंपनीने ती बातमी बाजाराला अजून कळवलेलीच नाही. सेबीच्या भाषेत ही भाव हलवू शकणारी अप्रकाशित माहिती असू शकते. तिमाही निकालांचे आकडे जाहीर होण्याआधीच व्हॉट्सअॅपवर फिरत असल्याचं 2017 मध्ये उघड झालं, तेव्हा सेबीने मोठी चौकशी केली होती. केकचा फोटो टाका, पण बाजाराला कळवल्यावर.

एका पानाचा मसुदा

हे सगळं धरून परिपत्रक लिहायचं तर ते एका पानात मावतं. मसुदा साधारण असा:

‘1. कंपनीच्या नावाने फक्त नेमून दिलेल्या व्यक्ती बोलतील. इतरांनी कामाच्या विषयावर लिहिताना हे माझं वैयक्तिक मत आहे, असं नमूद करावं.

2. पुढील गोष्टी कुठेही टाकू नयेत: ग्राहकांची ड्रॉइंग, बाजारात न आलेली उत्पादनं, ग्राहकांची वैयक्तिक माहिती, जाहीर न झालेले आर्थिक आकडे, फोनबंदी असलेल्या विभागांतले फोटो.

3. सहकाऱ्यांना धमकी, जात, धर्म किंवा लिंगावरून अपमान, अश्लील मजकूर आणि हिंसेची चिथावणी ही गैरवर्तणूक आहे, मग ती घरून केलेली असली तरी. लैंगिक छळाच्या तक्रारीतील नावं आणि तपशील उघड करणं कायद्यानेच मना आहे.

4. कंपनीच्या उत्पादनांची स्तुती किंवा परीक्षण करताना आपण इथे नोकरी करतो हे सांगावं.

5. पगार, कामाचे तास, सुरक्षितता, कॅन्टीन यांबद्दल आपसांत बोलण्यावर, युनियनमध्ये मांडण्यावर किंवा सरकारी यंत्रणेकडे तक्रार करण्यावर या परिपत्रकाने कोणतंही बंधन येत नाही.

6. चुकून काही टाकलं गेलं तर काढा आणि लगेच कळवा. स्वतःहून कळवणाऱ्याच्या बाबतीत ती गोष्ट लक्षात घेतली जाईल.’

पाचवं कलम पाहून वरिष्ठ कपाळाला आठ्या घालतात. ‘हे लिहून आपणच रान मोकळं करून देतोय,’ असं म्हणतात. खरं तर त्या कलमामुळेच बाकीची पाच टिकतात. तक्रारीला वाट आहे हे लिहून दिलेलं असलं की चिथावणी किंवा गोपनीयतेच्या भंगावरची कारवाई तोंड बंद करण्यासाठी आहे, असं म्हणायला जागा उरत नाही. अर्थात जिथे स्थायी आदेश लागू आहेत, तिथे दुसरं आणि तिसरं कलम त्यांत रीतसर घालून घ्यायला हवं. नुसतं परिपत्रक तेवढं वजन पेलत नाही.

आणि हे पान कोणत्या भाषेत लावायचं? 1946 च्या स्थायी आदेश कायद्यात तरतूद होती की आदेश इंग्रजीत आणि बहुसंख्य कामगारांना समजणाऱ्या भाषेत, प्रवेशदाराजवळच्या फलकावर लावावेत. सोशल मीडियाचं धोरण मात्र बहुतेक ठिकाणी मुख्यालयातून आलेल्या इंग्रजी पीडीएफच्या रूपात असतं आणि रुजू होताना इतर वीस कागदांबरोबर त्यावर सही घेतली जाते. स्टेटस मराठीत लिहिणाऱ्या माणसाला नियम मराठीत मिळाला नाही, तर चौकशीत त्याचं पहिलं वाक्य ठरलेलं आहे: ‘साहेब, हे मला कुणी सांगितलंच नव्हतं.’ ते खोटं आहे हे दाखवायची जबाबदारी मग कंपनीवर येते, आणि वीस कागदांतली ती एक सही त्याला पुरत नाही.